अरबी कवितेची ओळ ‘ल’ आणि ‘गा’मध्ये कशी मोडायची

मराठीत गझल लिहिणाऱ्या कुणालाही ‘लगागा लगागा’ किंवा ‘गालगागा गालगागा’ ही भाषा नवी नाही. ही वृत्तं फारसी-उर्दूतून मराठीत आली, आणि फारसीने त्यांची नावं व त्यांचं शास्त्र अरबीकडून घेतलं. तरीही उर्दू बहरांची सवय झालेला माणूस मूळ अरबी ओळीपाशी आला की बहुतेकदा अडखळतो. ओळ नेमक्या साच्यात बसत नाही, एखादं अक्षर कमीजास्त वाटतं, आणि आपलंच काही चुकलं असं त्याला वाटू लागतं. पुष्कळदा त्याचं काहीही चुकलेलं नसतं. अरबी वृत्तात काही जागा पक्क्या असतात आणि काही हलत्या. पक्क्या कुठल्या हे ओळखता आलं की वृत्त सापडतं.

एकच ओळ घेऊ, पण सावकाश. सहाव्या शतकातल्या इम्रुल क़ैस या कवीच्या मुअल्लक़ेची, म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या नावाजलेल्या दीर्घ कवितांपैकी एकीची, ही पहिली ओळ आहे, आणि जुन्या अरबी कवितेत हिच्याइतकी तोंडपाठ असलेली दुसरी ओळ क्वचितच असेल:

क़िफ़ा नब्कि मिन् ज़िक्रा हबीबिन् व मन्ज़िली
बिसिक़्तिल्लिवा बैनद्दख़ूलि फ़हौमली

कवी दोन सोबत्यांना म्हणतो आहे: थांबा दोघेही, रडू या, एका प्रिय व्यक्तीच्या आणि तिच्या मुक्कामाच्या आठवणीने, वाळूची टेकडी जिथे संपते तिथे, दख़ूल आणि हौमल यांच्या मधे. या दोन ओळी वाटत असल्या तरी अरबीत ही एकच ओळ आहे. तिला ‘बैत’ म्हणतात आणि तिचे दोन अर्धे असतात. छापताना ते शेजारी शेजारी, मधे जागा सोडून छापतात.

आधी लिहायचं ते कानाने

वर देवनागरीत जे लिहिलं आहे ते अरबी लिपीतल्या अक्षरांचं जसंच्या तसं रूपांतर नाही. अरबी छंदशास्त्रात ओळ मोडण्याआधी ती वेगळ्या पद्धतीने पुन्हा लिहून काढतात: जे ऐकू येतं ते लिहायचं, जे ऐकू येत नाही ते गाळायचं. निम्मं काम इथेच होतं, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

अरबी लिपीत ‘बैन अल्-दख़ूल’ असं लिहिलेलं असतं. पण ‘अल्’मधला स्वर आधीच्या शब्दाच्या स्वरात बुडून जातो, आणि त्यातला ‘ल्’ पुढच्या ‘द’सारखा होतो. कानाला ऐकू येतं ‘बैनद्दख़ूल’. म्हणजे लिहिलेली दोन अक्षरं गेली आणि एक ‘द्’ वाढला. ‘ल’ दुपटीने येतो ते ‘सिक़्ति अल्-लिवा’मध्ये, त्याचं ‘सिक़्तिल्लिवा’ होतं. हा ‘ल्’ सगळ्या व्यंजनांपुढे असा बदलत नाही. द, र, स, न यांसारख्या काही व्यंजनांपुढेच बदलतो. क़, म, ह यांच्यापुढे ‘ल्’ तसाच राहतो.

‘हबीबिन्’ या शब्दाच्या शेवटी ‘न्’ लिहिलेला नसतो. तिथे स्वरचिन्ह दुप्पट काढलेलं असतं, आणि ते ‘इन्’ असं वाचलं जातं. मोडताना तो ‘न्’ पूर्ण मोजायचा. उलट, अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटी लिहिलेला अलिफ वाचतच नाहीत, तो सोडून द्यायचा. ‘हाज़ा’ (हा) आणि ‘लाकिन्’ (पण) या शब्दांत मात्र ‘आ’ ऐकू येतो, पण नेहमीच्या लिखाणात त्याचं अक्षर नसतं. तो आपण घालायचा.

ओळीच्या शेवटी ‘मन्ज़िलि’ आणि ‘हौमलि’ असे ऱ्हस्व ‘इ’ आहेत. यमकाच्या जागी हा स्वर ताणला जातो, म्हणून मी ‘मन्ज़िली’, ‘हौमली’ असं लिहिलं आहे. पहिल्या अर्ध्याच्या शेवटी एरवी यमक नसतं. पण कवितेच्या पहिल्या ओळीत बहुधा दोन्ही अर्धे एकमेकांशी यमक जुळवतात, म्हणून इथे दोन्हीकडे ताण आला.

देवनागरीत हे लिहिताना मराठी माणसाला आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. आपण ‘मिन’ लिहिलं तरी ‘मिन्’ असंच वाचतो, कारण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ मराठीत उच्चारत नाहीत. अरबीत मात्र ‘बैन’मधला शेवटचा ‘अ’ खरोखर उच्चारायचा असतो. तेव्हा व्यंजन खरंच अर्धं असेल तिथे हलन्त काढायचा, आणि हलन्त नसेल तिथे ‘अ’ पूर्ण म्हणायचा. एवढी शिस्त पाळली नाही तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

आता तुकडे पाडू. नियम आपल्या लघु-गुरूंचाच: ऱ्हस्व स्वराचं मोकळं अक्षर म्हणजे ‘ल’, दीर्घ स्वर, ‘ऐ’, ‘औ’ किंवा शेवटी अर्धं व्यंजन घेऊन बंद होणारं अक्षर म्हणजे ‘गा’.

क़ि फ़ा नब् कि मिन् ज़िक् रा ह बी बिन् व मन् ज़ि ली
ल गा गा ल गा गा गा ल गा गा ल गा ल गा

बि सिक़् तिल् लि वा बै नद् द ख़ू लि फ़ हौ म ली
ल गा गा ल गा गा गा ल गा ल ल गा ल गा

दोन्हीकडे चौदा अक्षरं. फक्त दहाव्या जागी फरक आहे: वर ‘बिन्’ गुरू, खाली ‘लि’ लघू. मराठी अक्षरगणवृत्तात असा फरक चालत नाही. भुजंगप्रयातात, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या वृत्तात, प्रत्येक गण ‘लगागा’ असलाच पाहिजे. एखादा ‘लगाल’ झाला तर वृत्तभंग. इथे तो दोष नाही, आणि का नाही हे कळण्यासाठी अरबी छंदशास्त्र ओळ कशी बघतं ते पाहावं लागतं.

खुंट्या आणि दोर

हे शास्त्र आठव्या शतकात बसऱ्यात राहणाऱ्या अल्-ख़लील इब्न अहमद याने बांधलं. अरबीचा पहिला मोठा शब्दकोशही त्याच्याच नावावर आहे. बाजारात ठोकल्या जाणाऱ्या हातोड्यांच्या नादातून त्याला वृत्तांचा उलगडा झाला, अशी एक आख्यायिका सांगतात. त्याने पंधरा वृत्तं मांडली, आणि सोळावं नंतर जोडलं गेलं. इम्रुल क़ैस त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणजे कवींनी आधी कानाने वृत्तं वापरली आणि नियम मागाहून लिहिले गेले.

ख़लील अक्षरांची लांबी मोजत नव्हता. त्याच्या हिशेबात दोनच गोष्टी होत्या: स्वर असलेलं हलतं व्यंजन, आणि स्वर नसलेलं (किंवा दीर्घ स्वर ताणणारं) थांबलेलं अक्षर. अरब अभ्यासक आजही हलत्यासाठी एक तिरकी रेघ आणि थांबलेल्यासाठी एक शून्य काढतात. आपल्या भाषेत, एकटं हलतं म्हणजे ‘ल’ आणि हलतं-थांबलेलं ही जोडी म्हणजे ‘गा’. त्यामुळे आपली खूण वापरून काम निभतं.

या अक्षरांचे त्याने छोटे गट केले आणि त्यांना तंबूतल्या वस्तूंची नावं दिली. ‘बैत’ म्हणजे तंबू, ‘वतद’ म्हणजे खुंटी, ‘सबब’ म्हणजे दोर. खुंटी म्हणजे ‘लगा’. (‘गाल’ अशी उलटी खुंटीही असते, पण ती थोड्याच वृत्तांत येते, इथे सोडून देऊ.) दोर दोन प्रकारचे: हलका दोर म्हणजे एक ‘गा’, जड दोर म्हणजे ‘लल’.

या गटांतून चरणांचे घटक बनतात. ‘फ़ऊलुन्’ म्हणजे एक खुंटी आणि एक दोर: लगा + गा. ‘मफ़ाईलुन्’ म्हणजे एक खुंटी आणि दोन दोर: लगा + गा + गा. ही नावं स्वतःच नमुना असतात. ‘फ़-ऊ-लुन्’ म्हणून बघा, लगागा ऐकू येतं.

आणि आता मुख्य नियम. ओळीच्या आत बदल होतो तो फक्त दोरांत. हलक्या दोरातलं थांबलेलं अक्षर गळू शकतं आणि ‘गा’चा ‘ल’ होऊ शकतो. खुंटीला हात लावत नाहीत. चरणाच्या शेवटच्या घटकात मोठे बदल होऊ शकतात, पण एका कवितेत एकदा जो ठरला तो बहुतेक सगळ्या ओळींत तसाच राहतो.

आता आपल्या ओळीकडे परत येऊ. वरच्या अर्ध्याचे असे भाग पडतात:

लगागा | लगागागा | लगागा | लगालगा
क़िफ़ा नब् | कि मिन् ज़िक्रा | हबीबिन् | व मन्ज़िली

खालच्याचे असे:

लगागा | लगागागा | लगाल | लगालगा
बिसिक़्तिल् | लिवा बैनद् | दख़ूलि | फ़हौमली

फ़ऊलुन्, मफ़ाईलुन्, फ़ऊलुन्, मफ़ाईलुन्: या क्रमाचं वृत्त म्हणजे ‘तवील’, जुन्या अरबी कवितेत सगळ्यात जास्त वापरलेलं. शेवटचा मफ़ाईलुन् इथे ‘लगालगा’ झाला आहे; तवीलच्या पहिल्या अर्ध्यात तो जवळजवळ नेहमी असाच असतो. खालचा तिसरा फ़ऊलुन् ‘लगाल’ झाला, कारण त्याच्या दोराचा ‘गा’ ढिला पडला. खुंटी जागेवरच आहे.

घटकांच्या सीमा शब्दांच्या सीमांवर पडत नाहीत, हेही इथे दिसतं. ‘नब्कि’ मधेच तुटून ‘नब्’ एका घटकात आणि ‘कि’ दुसऱ्यात गेला. यतीची सवय असलेल्या आपल्या कानाला हे खटकतं. पण मोडताना अर्थाकडे बघायचंच नसतं. काही वृत्तांत तर शब्द दोन अर्ध्यांच्या मधोमधही तुटतो.

वृत्त माहीत नसेल तर

आतापर्यंत मी उत्तर आधी हाती धरूनच मोडलं. खरा प्रश्न उलटा असतो: हातात नुसती ‘ल’ आणि ‘गा’ची माळ आहे, वृत्त शोधायचं आहे.

माळ ‘लगागा’ने सुरू होत असेल तर पहिली खुंटी पहिल्याच जागी आहे असं समजायचं. मग पुढची खुंटी किती अंतरावर येते ते बघायचं. एकेक ‘गा’च्या अंतराने खुंट्या येत राहिल्या, लगा-गा-लगा-गा, तर वृत्त मुतक़ारिब. हेच आपलं भुजंगप्रयात, फक्त अरबीत त्यातला कुठलाही ‘लगागा’ मधेच ‘लगाल’ होऊ शकतो. सलग दोन-दोन ‘गा’चं अंतर असेल, लगा-गागा-लगा-गागा, तर हजज किंवा वाफ़िर. हजजचा घटक तोच आहे जो मराठीत वियद्गंगेत चार वेळा येतो. आणि अंतर एक, दोन, एक, दोन असं आलटून-पालटून असेल तर तवील.

वाफ़िर आणि हजज यांच्यातला गोंधळ सुटतो तो जड दोरामुळे. वाफ़िरचा मूळ घटक ‘लगा + लल + गा’ आहे. त्यातला ‘लल’ एकत्र होऊन ‘गा’ होऊ शकतो आणि मग तो हजजसारखाच दिसतो. सगळी कविता चाळून एका जरी जागी ‘लगाललगा’ सापडला तर वाफ़िर.

तवीलमध्ये फसगत होते ती ढिल्या दोरांमुळे. आपल्याच ओळीत ‘दख़ूलि फ़हौमली’ची माळ ‘लगाललगालगा’ अशी आहे. नुसती ही माळ पाहणाऱ्याला त्यात ‘लल’ दिसतो, म्हणजे जड दोर आहे असं वाटतं आणि तो वाफ़िरकडे वळतो. शेवटच्या ‘लगालगा’तही दोन खुंट्या दिसतात. यातली खरी कुठली हे एका अर्ध्या ओळीवरून सांगता येत नाही.

म्हणून एका ओळीवर कधी थांबायचं नाही. चार अर्ध्या ओळी एकाखाली एक मांडायच्या. याच कवितेची दुसरी ओळ अशी:

फ़तूदिह फ़ल्मिक़्राति लम् यअ्फु रस्मुहा
लिमा नसजत्हा मिन् जनूबिन् व शम्अली

तिचे तुकडे: फ़ तू दि | ह फ़ल् मिक़् रा | ति लम् यअ् | फु रस् मु हा, आणि लि मा न | स जत् हा मिन् | ज नू बिन् | व शम् अ ली. आता चारही अर्धे मांडू:

लगागा | लगागागा | लगागा | लगालगा
लगागा | लगागागा | लगाल | लगालगा
लगाल | लगागागा | लगागा | लगालगा
लगाल | लगागागा | लगागा | लगालगा

उभे रकाने वाचा. चौदापैकी बारा रकाने चारही ओळींत सारखे आहेत, बदलतात फक्त तिसरा आणि दहावा. जे रकाने बदलतात तिथे दोर आहे. जे बदलत नाहीत त्यांत खुंट्या आहेत, आणि ज्यांना बदलायची संधी मिळाली नाही असे काही दोरही. पहिल्या ओळीतल्या ‘लल’ची शंका इथे मिटते. त्यातला पहिला ‘ल’ दहाव्या, बदलत्या रकान्यात आहे, म्हणजे तो ढिला पडलेला ‘गा’ आहे, जड दोराचा भाग नाही.

अक्षरांची संख्याही इथे मदतीला येते. तवीलमध्ये दोराचा ‘गा’ ‘ल’ झाला तरी अक्षर एकच राहतं, त्यामुळे अर्ध्या ओळीत बहुधा चौदाच अक्षरं भरतात. जड दोर असलेल्या वृत्तांत ‘लल’चा ‘गा’ झाला की एक अक्षर कमी होतं. शेजारच्या ओळींत अक्षरांची संख्या कमीजास्त होत असेल तर आधी जड दोराचा संशय घ्यावा.

तसं वृत्त म्हणजे ‘कामिल’. त्याचा घटक ‘मुतफ़ाइलुन्’: लल + गा + लगा. लबीदच्या मुअल्लक़ेची सुरुवात त्याचं अगदी शुद्ध उदाहरण आहे:

अफ़तिद्दियारु महल्लुहा फ़मुक़ामुहा
ललगालगा | ललगालगा | ललगालगा

वस्तीच्या खुणा पुसून गेल्या, असा याचा अर्थ. पण त्याच वृत्तातल्या अन्तराच्या मुअल्लक़ेची पहिली ओळ घ्या: ‘कवींनी ठिगळ लावायला काही शिल्लक ठेवलं आहे का? की बऱ्याच संभ्रमानंतर तुला ते घर ओळखू आलं?’

हल् ग़ादरश्शुअराउ मिन् मुतरद्दमी
गागालगा | ललगालगा | ललगालगा

अम् हल् अरफ़्तद्दार बअ्द तवह्हुमी
गागालगा | गागालगा | ललगालगा

वर चौदा अक्षरं, खाली तेरा. खालच्या अर्ध्याचे पहिले दोन घटक वाचून कुणीही ‘रजज’ म्हणेल, कारण रजजचा घटक ‘मुस्तफ़्इलुन्’ म्हणजे गागालगाच. पण रजजमध्ये जड दोर नाहीच, त्यामुळे ‘ललगालगा’ तिथे येऊ शकत नाही. तो एकदा आला की प्रश्न संपला: कामिल.

ओळ बसतच नसेल तेव्हा

अशा वेळी मी वृत्तावर शंका घेण्याआधी पुढच्या जागा तपासून बघतो. या क्रमाचा कुठेही नियम नाही, पण माझा अनुभव असा की दोष बहुधा इथेच सापडतो.

पहिली जागा ऐन आणि हमज़ा. वरच्या ‘यअ्फु’, ‘शम्अली’ आणि ‘बअ्द’ यांत ही व्यंजनं पूर्ण उच्चारली जातात. उर्दूच्या सवयीने आपण ‘बअ्द’चं ‘बाद’ करतो. तिथे वजन जुळलं तरी ‘शम्अली’चं ‘शमली’ केलं की एक अक्षर गेलंच.

दुसरी जागा ‘त्याचा, त्याला’ या अर्थाचा शेवटचा ‘हु’ किंवा ‘हि’. त्याच्या आधी ऱ्हस्व मोकळं अक्षर असेल तर तो ताणला जातो: ‘लहु’ लिहिलं तरी वाचायचं ‘लहू’, लगा. आधी दीर्घ स्वर किंवा अर्धं व्यंजन असेल तर साधारणपणे तो ऱ्हस्वच राहतो: ‘मिन्हु’ गाल, ‘फ़ीहि’ गाल. ‘मी’ या अर्थाचा ‘अना’ याच्या उलट वागतो. शेवटी अलिफ लिहिलेला असूनही ओघात तो बहुधा ‘अन’, म्हणजे लल असाच धरतात.

तिसरी गोष्ट सवयीची. उर्दू गझलेत गरज पडली की ‘मेरा’चा ‘रा’ किंवा ‘तो’चा ‘तो’ लघू धरण्याची मुभा घेतात. अभिजात अरबीत शब्दातला दीर्घ स्वर असा मनाप्रमाणे ऱ्हस्व करता येत नाही. तसं केल्याने तुमची ओळ बसली असेल, तर तुम्ही कदाचित वेगळ्याच वृत्तात शिरला आहात.

आणि एक खरीखुरी सूट. तवीलसारख्या, खुंटीने सुरू होणाऱ्या वृत्तांत कवितेच्या पहिल्या ओळीचा अगदी पहिला ‘ल’ कधीकधी नसतोच. ‘लगागा’ऐवजी ओळ ‘गागा’ने सुरू होते आणि अक्षरं तेरा भरतात. ओळीच्या आत खुंटीला हात लावत नाहीत हा नियम इथे सुरुवातीलाच मोडलेला दिसतो, आणि याला वेगळं नावही आहे: ‘ख़र्म’. म्हणून पहिली ओळ अडली तर ती बाजूला ठेवून दुसरीपासून मोडायला घ्यावं. तिथे वृत्त सापडलं की पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक ‘ल’ मनातल्या मनात जोडून बघायचा. उरलेली तेरा अक्षरं आपापल्या रकान्यात बसली तर तो ख़र्मच.